हातमागाच्या सुती साडीचं वर्णन: आधी टेप आणि तराजू, मग शब्द

प्रश्न: मी नागपूरला राहते. उमरेडकडच्या विणकरांकडून हातमागाच्या सुती साड्या घेऊन ऑनलाइन विकायला सुरुवात केली आहे. वर्णन लिहायला बसले की "सुंदर, आकर्षक, पारंपरिक, सर्व समारंभांसाठी" याच्यापुढे गाडी सरकत नाही. साड्या परतही येतात. वर्णन नेमकं कसं लिहावं?

उत्तर:

मी हातमागाच्या साड्या विकते आणि वर्णनंही स्वतःच लिहिते, त्यामुळे अनुभवाचं सांगते.

इतवारीच्या दुकानात बाई साडी कशी घेते ते आठवा. दुकानदार काय बोलतो याकडे तिचं अर्धंच लक्ष असतं. ती पदर उलटा करून मागची बाजू बघते, कापड दोन बोटांत चोळते, खाली हात घालून आरपार किती दिसतं ते पाहते, साडी दारापर्यंत नेऊन उजेडात धरते आणि "धुतल्यावर आटेल का हो?" विचारते. ऑनलाइन तिच्या हातात साडी नसते, म्हणून या प्रत्येक कृतीचं उत्तर वर्णनात हवं. "सुंदर" आहे की नाही हे फोटोवरून तीच ठरवेल, ते लिहायची गरज नाही.

एका साडीवरच सगळं करून दाखवते. मोरपंखी अंग, डाळिंबी काठ, उमरेडच्या मागावरची. विणकरानं 80 नंबरचं सूत सांगितलं. माझ्याकडे आली तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर "लांबी 6.25 मीटर" एवढंच होतं.

पहिलं काम मोजण्याचं. साडी सपाट अंथरा, ताणू नका, आणि टेप लावा. या साडीचं अंग आणि पदर मिळून 5 मीटर 45 सेंमी भरले. त्याला जोडून विणलेला ब्लाउजपीस 80 सेंमी. म्हणजे 6.25 खोटं नव्हतं, पण वाचणारीला वाटतं साडीच सव्वासहा मीटर आहे. मग ब्लाउजपीस कापल्यावर निऱ्या कमी पडतात आणि "साडी तोकडी आली" म्हणून पार्सल परत. दोन्ही मापं नेहमी वेगळी लिहा. पन्हा काठासकट मोजा; या साडीचा 118 सेंमी निघाला. उंच बाईसाठी लांबीपेक्षा पन्ह्याचाच आकडा जास्त कामाचा असतो, आणि बहुतेक विक्रेते नेमका तोच गाळतात.

आता आटण्याचं. मागावर उभे धागे ताणलेले असतात, म्हणून पहिल्या धुण्यात सुती कापड लांबीत जास्त आणि पन्ह्यात कमी आटतं. किती ते अंदाजानं लिहू नका. त्याच विणकराकडून, त्याच सुताचा एक ब्लाउजपीस जादा घ्या, त्यावर उभं-आडवं 50-50 सेंमीवर पेननं खूण करा, साध्या पाण्यात भिजवून धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. माझ्या तुकड्यात उभे 50 चे 48 झाले, आडवे 50 चे 49. म्हणजे लांबीत 4 टक्के, पन्ह्यात 2 टक्के. हिशेब केला तर 5.45 मीटरची साडी धुतल्यावर साधारण 5.23 मीटर आणि पन्हा सुमारे 115.6 सेंमी. हे आकडे वर्णनात सरळ टाका. गिऱ्हाईक घाबरत नाही. धुतल्यावर अचानक कळलं की मात्र चिडतं.

वजनही लिहा. स्वयंपाकघरातला काटा पुरे. ही साडी ब्लाउजपीससकट 370 ग्रॅम भरली. उन्हाळ्यात नेसायला साडी शोधणाऱ्या बाईला "हलकीफुलकी" या शब्दापेक्षा हा आकडा जास्त सांगतो. फक्त खळ लक्षात ठेवा. कोऱ्या साडीत खळ असते, त्यामुळे ती कडक लागते, फुगते आणि वजनातही थोडी जास्त भरते. पहिल्या एक-दोन धुण्यांत खळ निघाली की तीच साडी मऊ पडते आणि अंगाला बसते. ज्यांना कडक साडीच आवडते त्यांना पुन्हा खळ करावी लागेल, हेही एका वाक्यात सांगून टाका.

रंगाचा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो, आणि "रंग वेगळा आला" ही तक्रारही सगळ्यात जास्त तिथेच येते. दरवेळी फोटोचा दोष नसतो. हातमागाच्या पुष्कळ साड्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याच रंगाचा असतो. कडेचे दोन-चार धागे सोडवून पाहा. या साडीत उभा निळा आणि आडवा हिरवा निघाला. म्हणजे ती एका कोनातून पाहिली तर हिरव्याकडे झुकणार आणि दुसऱ्या कोनातून निळी वाटणार. अशा वेळी "मोरपंखी" हा एकच शब्द लिहिला तर अर्ध्या गिऱ्हाइकांना तो चुकीचाच वाटेल. दोन्ही कोनांतले दोन फोटो द्या आणि कारण लिहा. फोटो सकाळी खिडकीशी काढा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात डाळिंबीचा गुलाबी होतो. रंग जातो का हे पाहायला पांढरं सुती फडकं ओलं करून गडद काठावर दहा-बारा वेळा घासा. फडक्यावर रंग उतरला तर "पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुवा" असं लिहा, आणि "पक्का रंग" हे शब्द वापरू नका.

"100 टक्के सुती" लिहिण्याआधी काठाचा एक धागा आणि अंगाचा एक धागा वेगवेगळे जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरगळणारी राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण रेयॉनही सुतासारखंच जळतं, म्हणून एवढ्या परीक्षेवर समाधान मानू नका. काठाचा धागा जास्तच चमकत असेल तर विणकरालाच विचारा. या साडीचा काठ रेयॉनचा होता. मग अंग सुती आणि काठ रेयॉनचा असं दोन तुकड्यांत लिहायचं. त्यानं किंमत पडत नाही. उलट, काठ का चमकतो याचं उत्तर मिळतं.

"हातमागाची" हा शब्दही जपून वापरायचा. यंत्रमागाच्या कापडावर हातानं ठसे मारले तर छपाई हातची झाली, कापड नाही. काही जण काठालगतची बारीक छिद्रं दाखवून हातमाग ओळखा म्हणतात. कापड पन्ह्यात ताणून धरणाऱ्या साधनाच्या टाचण्यांची ती छिद्रं असतात, पण तसं साधन यंत्रमागावरही असतं, तेव्हा ही खूण एकटी पुरत नाही. मी माग चालताना पाहिला असेल तरच तो शब्द लिहिते. 2006 पासून हातमागाच्या कापडासाठी सरकारी हँडलूम मार्क आहे. तुमच्या विणकरांची त्यासाठी नोंदणी असेल तर लेबलचा फोटो जरूर द्या. नागपुरातच विणकर सेवा केंद्र आहे, तिथे जाऊन विचारता येईल. आणखी एक: काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असली तरी सुती साडीला "करवतकाठी" हे नाव लावू नका. ते आपल्या विदर्भातल्या टसर साड्यांचं नाव आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते शोधत येणारी बाई रेशमाच्या अपेक्षेनं येते. "करवती नक्षीचा काठ" एवढं पुरे.

गाठी आणि दोषांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. "लहानसहान त्रुटी हेच हातमागाचं सौंदर्य" हे वाक्य सगळेच चिकटवतात आणि त्याच्याआड भोकही लपवतात. मधूनच एखादा जाड धागा, मागच्या बाजूला गाठ, विणीच्या घट्टपणात किंचित फरक, हे हातमागात येतंच. पण धागा तुटून पडलेली फट, तेलाचा डाग, काठ फाटलेला, हे दोष आहेत. पाठवण्याआधी साडी उजेडासमोर धरून सगळी सरकवून पाहा. दोष निघाला तर ती साडी बाजूला काढा, नाहीतर दोषाचा फोटो टाकून किंमत कमी करून विका.

एवढं हातात आलं की लिहायला फार वेळ लागत नाही. शीर्षकात कामाचे शब्द आधी घ्या, कारण मोबाइलवर मागचे शब्द कापले जातात:

"हातमागाची सुती साडी, मोरपंखी, डाळिंबी काठ, 80 नंबर सूत, ब्लाउजपीससह"

आणि खाली:

"उमरेडच्या हातमागावर विणलेली साडी. उभा धागा निळा, आडवा हिरवा; त्यामुळे एका कोनातून हिरवी आणि दुसऱ्या कोनातून निळसर दिसते, दोन्ही फोटो पाहा. अंग सुती, 7 सेंमीचा डाळिंबी काठ रेयॉनचा. साडी 5.45 मीटर, ब्लाउजपीस वेगळा 80 सेंमी, पन्हा 118 सेंमी, एकूण वजन 370 ग्रॅम. पहिल्या धुण्यानंतर साडी साधारण 5.23 मीटर आणि पन्हा 115 ते 116 सेंमी होतो. कापड पातळ आहे, परकर मिळत्या रंगाचा घ्या. खळ आहे, धुतल्यावर मऊ पडते. पहिली दोन-तीन धुणी थंड पाण्यात, वेगळी, सावलीत वाळवा. फॉल-बीडिंग केलेलं नाही. मागच्या बाजूला एखादी गाठ दिसू शकते. भोक किंवा डाग निघाल्यास साडी परत घेऊ."

यात कौतुकाचं एकही विशेषण घातलेलं नाही. कुठे नेसावी ते सांगायचंच असेल तर "ऑफिसला, उन्हाळ्यात दिवसभर" असं नेमकं लिहा. "सर्व समारंभांसाठी" वाचून लग्नात नेसायला घेतलेली पातळ सुती साडी हमखास परत येते.

साइटवरचे बाकीचे रकाने, म्हणजे सर्व करांसह किंमत, विक्रेत्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनली, हे रिकामे सोडू नका. इंग्रजी-हिंदीतही वर्णन द्यावं लागत असेल तर मापं तिन्हीकडे तीच आहेत ना ते ताडून पाहा. आणि विणकराकडून नवा गठ्ठा आला की जुनंच वर्णन चिकटवण्याआधी त्यातली एक साडी पुन्हा मोजा. सुताचा नंबर किंवा मागावरचा ताण बदलला की पन्हा दोन-तीन सेंमी सहज इकडेतिकडे होतो.