कॅन्टीनच्या कपातीवर जीएसटी लागतो का?

प्रश्न : चाकणला आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. कायम कामगार ३१०, कंत्राटी ६० च्या आसपास. कॅन्टीन ठेकेदार चालवतो. तो थाळीमागे ८० रुपये अधिक ५ टक्के जीएसटी लावतो, त्यातले २० रुपये आम्ही पगारातून कापतो. २०२२-२३ च्या ऑडिटमध्ये अधिकारी म्हणतात, या २० रुपयांवर कर भरा आणि ठेकेदाराच्या बिलावर घेतलेलं क्रेडिटही परत करा. मालक म्हणतात, भरून मोकळे व्हा. काय करावं? – अकाउंट्स विभागातून

उत्तर : भरून मोकळे होऊ नका, पण घेतलेलं सगळं क्रेडिट टिकेल असंही समजू नका. अधिकाऱ्यांच्या पहिल्या मागणीला ठाम नकार द्या आणि दुसरी अर्धवट मान्य करा.

आधी कपातीचं बघू. तुम्ही खानावळ चालवत नाही. ठेकेदाराचे पैसे भागवताना कामगाराचा वाटा तेवढा गोळा करता आणि त्यावर नफा घेत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ६ जुलै २०२२ च्या परिपत्रकात (क्र. १७२) म्हटलं आहे की, नोकरीच्या करारानुसार मालक कामगाराला ज्या सवलती देतो त्यांवर जीएसटी नाही. कापलेल्या रकमेबद्दल ते स्पष्ट बोलत नाही. तिथे अग्रिम निर्णय प्राधिकरणांचे निकाल कामी येतात. २०१८ मध्ये केरळात निकाल विरुद्ध गेला होता. नंतर गुजरात आणि महाराष्ट्रात नाममात्र वसुलीवर कर नाही असे निकाल आले. हे निकाल अर्जदार आणि त्याच्या अधिकाऱ्यापुरतेच बंधनकारक असतात, त्यामुळे उत्तरात ते आधार म्हणून जोडा, ब्रह्मवाक्य म्हणून नव्हे.

‘करारानुसार’ हा शब्द मात्र सांभाळा. नेमणूकपत्रात किंवा कॅन्टीन धोरणात सवलतीच्या जेवणाची नोंद आणि कपातीला कामगाराची लेखी संमती हवी. वेतन देय कायद्याखालीही सोयीपोटी पगार कापायला कामगाराची मान्यता लागायचीच, म्हणजे तोच कागद दोन्हीकडे चालतो.

आता क्रेडिट. जेवणावरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलं आहे, पण जिथे कायद्यानेच मालकावर सोय करण्याचं बंधन आहे तिथे अडवणूक नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ खाली २५० हून जास्त कामगार असले की सरकारला नियमांनी कॅन्टीन सक्तीचं करता येतं आणि तुम्ही ३१० वर आहात. कारखान्याचा परवाना, त्या वर्षाची हजेरी आणि कॅन्टीनचा करार उत्तराला जोडा. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत ही मर्यादा कंत्राटी धरून १०० वर आली आहे, पण तुमचा वाद जुन्या वर्षाचा आहे.)

पण क्रेडिट कंपनीने सोसलेल्या खर्चापुरतंच. महिन्याला कायम कामगारांच्या ७,५०० थाळ्या धरा. बिल ६ लाख, त्यावर कर ३०,०००. कामगारांकडून दीड लाख आले, म्हणजे पाव वाटा त्यांचा. म्हणून २२,५०० चं क्रेडिट तुमचं, ७,५०० परत करायचे. गंमत अशी की वसुलीवर ५ टक्क्यांनी कर लावला तरी आकडा ७,५०० च येतो. ‘वसुलीवर कर नाही आणि क्रेडिटही पूर्ण’ हे दोन्ही एकाच वेळी मागितलंत, तर अधिकाऱ्याचं म्हणणं बरोबर ठरतं. तुम्ही पूर्ण क्रेडिट घेतलं असेल तर हा पाव वाटा स्वतःहून परत करा. ते वापरूनही झालं असेल तर १८ टक्के व्याज पडेल. उलट एखाद्या महिन्याचं क्रेडिट घ्यायचं राहिलं असेल तर ते सोडून द्या, २०२२-२३ साठी मुदत ३० नोव्हेंबर २०२३ लाच संपली.

कंत्राटी साठ जण ही तुमची खरी दुखरी बाजू. परिपत्रकात ‘कर्मचारी’ म्हटलं आहे आणि हे कागदोपत्री कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचे. त्यांच्या थाळ्यांवरचं क्रेडिट मी मागितलं नसतं. त्यांचा हिशेब आजपासून वेगळा ठेवा. पाहुणे किंवा पुरवठादारांना कूपन विकत असाल तर ती साधी विक्री आहे आणि तिच्यावर कर आहेच.

एक गोष्ट खातेवहीत बघा. ऑडिटरची नजर बहुधा ‘इतर उत्पन्न’ मधल्या ‘कॅन्टीन वसुली’ या ओळीवर गेली असेल. वसुली कर्मचारी कल्याण खर्चातून वजा दाखवायला हवी होती. उत्पन्नात घेतल्यावर ‘मी काही विकत नाही’ हे पटवणं जड जातं. जुनी खाती आता बदलू नका, उत्तरात खुलासा द्या आणि यंदापासून नोंद सुधारा.

ऑडिटच्या निरीक्षणांना लेखी उत्तर अंतिम अहवाल निघण्याआधीच गेलं पाहिजे. अहवालात मुद्दा कायम राहिला तर पुढे कारणे दाखवा नोटीस येते आणि तेव्हा तिच्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. सोबत तीन महिन्यांची ठेकेदाराची बिलं, त्याच महिन्यांच्या पगारपत्रकांतली कपातीची ओळ आणि वरचा हिशेब एका पानावर मांडून जोडा.