दहा दिवस म्हणण्याआधी जुन्या नोंदी काढा

नवीन मॉड्यूलला दहा दिवस लागतील असं सांगताना तुमच्या डोळ्यांसमोर फक्त कामाचे टप्पे असतात, अडथळे नसतात. ‘वाईटात वाईट’ धरूनही हे सुटत नाही. 1994 मध्ये छापलेल्या कॅनडातल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी 34 दिवस सांगितले होते, सगळं बिघडलं तर 49. लागले 55.5.

म्हणून टप्पे मोजणं थांबवा आणि टीमची तशीच दहा जुनी कामं काढा. रखडलेली, नकोशी कामंही घ्या. ती गाळली की यादी खोटं बोलते. प्रत्येकाचे प्रत्यक्ष दिवस भागिले तेव्हा सांगितलेले दिवस करा आणि उत्तरं चढत्या क्रमाने लावा. समजा ती अशी आली: 0.9, 1.1, 1.2, 1.3, 1.4, 1.6, 1.7, 1.8, 2.2, 3.0. मधलं मूल्य 1.5, म्हणजे पंधरा दिवसांत जमण्याची शक्यता निम्मी. ग्राहकाला तारीख द्यायची तर आठवा आकडा घ्या: अठरा दिवस.

‘हे काम वेगळं आहे’ म्हणून आकडा खाली ओढायचा मोह होईलच. त्या दहांच्या वेळीही बहुधा हेच म्हटलं गेलं होतं.