टॅकोमीटर ‘कॅलिब्रेट केला’ म्हणजे नक्की काय केलं?

प्रश्न: आमच्या देखभाल विभागासाठी शाफ्टचा वेग मोजणाऱ्या हातातल्या टॅकोमीटरच्या कॅलिब्रेशनची कार्यपद्धती मराठीत लिहितो आहे. ‘कॅलिब्रेशन’ला अंशांकन म्हणू, अंशशोधन म्हणू की प्रमाणीकरण? शिवाय ‘स्ट्रोबच्या उजेडात शाफ्ट थांबला की आकडा वाचा’ हे वाक्य बरोबर आहे का?

घड्याळापासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला हवा असलेला फरक मराठीने घड्याळाच्या बाबतीत आधीच करून ठेवला आहे. आकाशवाणीवर वेळ सांगितली की आपण मनगटाकडे बघतो आणि म्हणतो, ‘माझं दोन मिनिटं पुढे आहे.’ काट्यांना हात लावत नाही, फक्त पुढे वेळ बघताना मनातल्या मनात दोन मिनिटं वजा करतो. हे झालं कॅलिब्रेशन. किल्ली फिरवून काटे मागे घेतले, तर त्याला आपण ‘घड्याळ लावणं’ म्हणतो. आणि ‘पाच मिनिटांच्या आत आहे ना, मग चालेल’ असं म्हणून सोडून दिलं, तर ती पडताळणी. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहातही कॅलिब्रेशनच्या व्याख्येखाली मुद्दाम बजावलं आहे, की याची गल्लत जुळवणीशी करू नका आणि पडताळणीशीही करू नका.

वर्कशॉपमध्ये मात्र ही गल्लत रोज होते. ‘टॅको कॅलिब्रेट करून आणलाय’ याचा अर्थ ऐकणारा ‘दुरुस्त करून आणलाय’ असा घेतो. प्रत्यक्षात प्रयोगशाळेने त्याला हातही लावलेला नसतो. मिनिटाला 1500 फेऱ्यांना 1503 दाखवत होता, तो अजूनही 1503 च दाखवतो. फरक इतकाच, की तीन जास्त दाखवतो हे आता कागदावर आलं आहे. पण तो कागद कपाटात जातो आणि टॅकोवर ‘ओके’चं स्टिकर लागतं.

म्हणून तुमच्या तीन शब्दांपैकी ‘प्रमाणीकरण’ मी पहिल्यांदा बाद करीन. तो एका मापाचा नट सगळीकडे चालावा यासाठीही वापरतात, दाखला देण्यासाठीही आणि आता मोबाइलवर ओळख पटवण्यासाठीही. ‘अंशांकन’ म्हणजे अंश आखणं. काचेच्या तापमापीच्या नळीवर रेघा ओढतात त्याला हा शब्द चपखल बसतो, पण आकडे उजळणाऱ्या टॅकोमीटरवर कोण काय आखणार? उरला ‘अंशशोधन’. त्यातल्या ‘शोधन’मध्ये शोधणंही आहे आणि शुद्ध करणंही, म्हणजे घोळ पूर्ण मिटत नाही. तरी तिघांत तोच बरा. माझ्यावर सोपवलंत तर शीर्षकात एकदा ‘अंशशोधन’ लिहून आत सरळ ‘कॅलिब्रेशन’च ठेवीन, आणि क्रियापदं मात्र कटाक्षाने मराठी वापरीन: तुलना करा, फरक नोंदवा. ‘कॅलिब्रेट करा’ एवढंच लिहिलंत, तर कोणी तरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसेल.

आता ‘थांबला’. हा शब्द आजच खोडा. स्ट्रोबचा दिवा ठरावीक अंतराने चमकतो, म्हणून शाफ्ट थांबलेला नसतो, थांबल्यासारखा दिसतो, आणि या ‘सारखा’ला विसरून कोणी बोट पुढे केलं तर काय होईल ते सांगायला नको. गंमत म्हणजे स्ट्रोबोस्कोप हा शब्द ज्या ग्रीक ‘स्ट्रोबॉस’वरून आला त्याचा अर्थच गरगर फिरणं. व्हिएन्नाच्या सायमन श्टाम्पफरने 1833 च्या सुमारास आपल्या चित्रांच्या फिरत्या चकत्यांना हे नाव दिलं. पुढे 1931 मध्ये एमआयटीत हॅरल्ड एजर्टनने विजेच्या चमकांचा स्ट्रोब वापरला, तोही फिरत्या मोटरी नीट बघता याव्यात म्हणून.

‘थांबला’मध्ये दुसरीही चूक दडली आहे, आणि कॅलिब्रेशनच्या दृष्टीने ती जास्त महागात पडते. शाफ्टवर केलेली खूण स्थिर दिसण्याचा अर्थ एवढाच, की दोन चमकांच्या मधल्या काळात शाफ्टचे पूर्ण फेरे झाले. किती पूर्ण फेरे, हे स्ट्रोब सांगत नाही. एक फेरा झाला असेल, दोन झाले असतील किंवा तीन. स्ट्रोबच्या पडद्यावर काही जण `FPM` छापतात, काही जण `RPM`. खरं म्हणजे तो मोजतो मिनिटाला चमका, फेरे नव्हेत. म्हणून कार्यपद्धतीत शाफ्टला ‘फेरे’ आणि स्ट्रोबला ‘चमका’ हे दोन शब्द वेगळेच ठेवा.

एका कारखान्यात मी हे घडताना पाहिलं आहे. ड्राइव्हवर चालणारी चार पोलची मोटर, शाफ्टच्या तोंडावर पांढऱ्या रंगाची एकच खूण आणि शेजारी टॅकोसाठी चकचकीत पट्टी. तंत्रज्ञाने स्ट्रोब खालून वर नेत नेत 741 ला खूण स्थिर केली आणि टॅकोकडे पाहिलं, तर तिथे 1482. ‘साहेब, टॅको डबल दाखवतोय!’ टॅको बिचारा बरोबर होता. चमका अर्ध्या पडत होत्या, दर दोन फेऱ्यांना एक.

हे ओळखायचं कसं? खूण एकच असेल तर सोपं आहे. स्ट्रोब खूप वर न्या आणि हळूहळू खाली या. दुप्पट वेगाला समोरासमोर दोन खुणा दिसतील. त्याहून खाली येताना ज्या सर्वात वरच्या आकड्याला एकच खूण स्थिर दिसेल, तो खरा वेग. स्ट्रोब तितका वर जातच नसेल, तर खालचे लागोपाठचे दोन आकडे धरा. त्या मोटरवर 741 नंतर खाली येताना पुढची स्थिर खूण 494 ला मिळाली. दोघांचा गुणाकार भागिले दोघांतला फरक:

`N = (A × B) / (A − B) = (741 × 494) / 247 = 1482`

मध्ये एखादा आकडा निसटला तर हे गणित फसतं, म्हणून घाई नको. आणि पंख्यासारख्या यंत्रावर खूण न करता कधीही मोजू नका. चार सारखी पाती असतील, तर चौपट चमकांनाही पंखा अगदी शहाण्यासारखा स्थिर दिसतो.

वेग पक्का झाल्यावर खरी तुलना. खूण जागेवर ठेवणं कठीण असतं, कारण मोटर स्वतःच थोडी डुलते. खूण रांगत असेल तर रांगू द्या, फक्त घड्याळात वेळ बघा. एका मिनिटात खूण एक पूर्ण चक्कर मारत असेल, तर चमका आणि फेरे यांत मिनिटाला एकाचा फरक आहे. 20 सेकंदांत एक चक्कर म्हणजे तीनचा. फिरण्याच्या दिशेने सरकत असेल तर शाफ्ट चमकांच्या पुढे आहे, उलट सरकत असेल तर मागे. स्ट्रोब आणि टॅको यांचे आकडे एकाच क्षणी वाचायचे आणि असे पाच-दहा जोड घ्यायचे. आधी एक वाचून, चहा पिऊन दुसरा वाचलात, तर मोटरचं डुलणं टॅकोच्या माथी बसेल.

त्याच दिवशी त्यांचा टोक टेकवायचा टॅकोही पाहिला. तो 1474 दाखवत होता, आठ कमी. इथे स्ट्रोब फार कामाचा ठरला. रबरी टोक शाफ्टवर दाबल्यावर खूण उलट्या दिशेने सरकू लागली असती, तर आपल्याच दाबाने मोटर मंदावली असा अर्थ होता. लहान मोटरवर हे हमखास होतं, आणि तेव्हा टॅको कमी दाखवतो ते खरंच असतं. पण खूण जागची हलली नाही, म्हणजे मोटरचा वेग कायम होता आणि टोकच घसरत होतं. रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. नवं टोक लावलं, टॅको शाफ्टच्या रेषेत सरळ धरला, आकडा 1482 वर आला. आता बघा, इथे पहिल्यांदा ‘दुरुस्ती’ झाली. म्हणून नोंद दोनदा हवी: दुरुस्तीपूर्वी उणे आठ, दुरुस्तीनंतर शून्य. पहिली नोंद गाळलीत, तर गेल्या काही महिन्यांत त्या टॅकोने मोजलेल्या यंत्रांचं काय, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

‘दुरुस्ती’ या शब्दाचा इथे आणखी एक त्रास आहे. आकड्यात जी भर घालायची, म्हणजे आठ कमी दाखवतो तर अधिक आठ, तिलाही पुस्तकात दुरुस्ती म्हटलेलं दिसतं, आणि रबर बदलणं हीसुद्धा दुरुस्तीच. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात अशा भरीला ‘संस्कार’ म्हणत: देशांतर संस्कार, बीजसंस्कार. मला तो शब्द फार आवडतो, पण टॅकोवर संस्कार करा म्हटलं तर वर्कशॉप हसेल. ‘मिळवायचा आकडा’ म्हणा, चिन्हासकट लिहा, भागलं.

राहिला प्रश्न तुलना कशाशी, याचा. स्ट्रोबला स्वतःचं ताजं प्रमाणपत्र नसेल, तर ही सगळी मेहनत म्हणजे एका अंदाजाची दुसऱ्या अंदाजाशी भेट. नवे लोक म्हणतात, सिंक्रोनस मोटर लावू, चार पोलला 1500 पक्के. पण तिचा वेग ग्रिडच्या वारंवारतेला बांधलेला, आणि आपल्या ग्रिडसाठी ठरवलेला पट्टाच 49.90 ते 50.05 हर्ट्झ आहे, म्हणजे 1497 पासून 1501.5 पर्यंत काहीही. सामान्य डिजिटल टॅकोची सांगितलेली अचूकता 0.05 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे 1500 ला पाऊण फेरा. तेवढं या मोटरला दाखवता येत नाही. प्रकाशाच्या टॅकोसाठी त्याहून चांगला उपाय म्हणजे प्रमाणित सिग्नल जनरेटरवर एक एलईडी लुकलुकवायचा. 25 हर्ट्झला 1500, 50 ला 3000. मोटरच नाही, तेव्हा डुलणंही नाही. टोकाच्या टॅकोला मात्र याचा उपयोग शून्य, त्याला फिरणारं काही तरी लागतंच.

आणि जुन्या माणसांची एक युक्ती. काही ऑप्टिकल टॅको चोकवाल्या ट्यूबलाइटवर रोखले, की 6000 च्या जवळ आकडा दाखवतात, कारण ती ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडी ट्यूब असेल तर भरवसा नाही. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी टॅको जिवंत आहे ना, हे बघायला झकास. तुमच्या कार्यपद्धतीत ती जरूर घाला, ‘दैनिक पडताळणी’ या मथळ्याखाली. तुमचं स्ट्रोबचं वाक्य मी असं लिहीन: ‘स्ट्रोबच्या चमका वरून खाली आणत, एकच खूण स्थिर दिसेल अशा सर्वात वरच्या आकड्याला थांबा, शाफ्ट फिरतोच आहे, हात लावू नका, स्ट्रोब आणि टॅको यांचे आकडे एकाच वेळी नोंदवा.’ यातलं ‘थांबा’ शाफ्टला नाही, वाचणाऱ्याला आहे.