ऑडिटरसाठी बँकेकडून बॅलन्स कन्फर्मेशन हवंय, पत्रात काय लिहू?

लेटरहेडवर ब्रँच मॅनेजरच्या नावे लिहा, आणि तारीख ठळक टाका, "३१ मार्च २०२५ रोजीची अखेरची शिल्लक", नाहीतर काउंटरवरचा माणूस आजचा बॅलन्स छापून हातात ठेवतो, आमचं असंच झालं होतं, दोन फेऱ्या फुकट. फक्त करंट अकाउंट नको, सीसी, टर्म लोन, एफडी सगळ्यांचे नंबर द्या आणि बँक गॅरंटी असेल तर तीही विचारा, ती विसरतातच लोक. सर्टिफिकेट थेट ऑडिटरच्या ईमेलवर पाठवा असं लिहा, त्यांना तुमच्या हातून आलेलं चालत नाही. सही बँकेत नोंद असलेल्याचीच, खाली शिक्का. आणि आकडा टॅलीशी जुळला नाही तर घाबरू नका, ३० मार्चला दिलेला चेक ३ एप्रिलला वटला असेल, तो फरक रिकन्सिलिएशनमध्ये दाखवायचा.