एस-वळणावर रस्त्याचा मेश मध्येच उलटा होतो. बँकिंग ठेवून हे कसं टाळू? पट्टेही कुठे ताणतात, कुठे दाटतात आणि कोपऱ्यात मेश चुरगळतो.

फ्रेने फ्रेम वापरताय, म्हणजे रिंगांच्या दिशा वक्राच्या वळणावरून काढताय, दुसरं काही नाही. काढून टाका.

याच गोष्टीवरून माझं एका सीनियरशी वाजलं होतं. आठ मीटर रुंद रस्ता, डावं वळण आणि लगेच उजवं. वळण बदलतं तिथून पुढे वरून पाहिलं तर रस्ताच गायब, खालून पाहिलं तर शाबूत! वायरफ्रेममध्ये दोन रिंगांच्या मधला भाग बो-टायसारखा पिळलेला आणि डावीकडची पांढरी रेघ उजवीकडे गेलेली. सीनियरचं म्हणणं, "गणित बरोबर आहे, रिंगा वाढव." वाढवल्या. पीळ तसाच, फक्त अरुंद जागेत. गणित बरोबरच होतं हो, पण फ्रेनेचा नॉर्मल नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला बघतो. वळणाची बाजू बदलली की तो १८० अंशांत उडी मारतो, आणि सरळ तुकड्यावर तर त्याला अर्थच नाही. रस्त्याला वरची दिशा ठरलेली असते, तीच घ्या:

```
side   = normalize(cross(worldUp, tangent))
normal = cross(tangent, side)
```

बँकिंग नंतर: हे दोन्ही टॅन्जेंटभोवती roll कोनाने फिरवा. roll थेट वक्रतेवरून काढलात तर वळणाच्या तोंडाशी झटका बसतो. म्हणून तो स्प्लाइनवर वेगळ्या कीफ्रेमनी द्या आणि वळणाआधी वीस-तीस मीटरांपासून हळूहळू चढवा.

पट्टे ताणतात कारण तुम्ही टेक्स्चरच्या v ला स्प्लाइनचा t देताय. बेझियरवर t सारखा वाढला तरी अंतर सारखं वाढत नाही. प्रत्येक तुकड्याचे शंभरेक बिंदू घेऊन अंतरांची बेरीज एका तक्त्यात ठेवा, रिंगा त्या अंतरावरून मांडा आणि v = अंतर / टाइलची लांबी. बंद ट्रॅक असेल तर टाइल पूर्णांकात बसवा: २५० मीटरला १२ ची टाइल २०.८३ वेळा येते, मग २१ धरा, टाइल ११.९ मीटरची होईल, कुणाला कळणार नाही. शेवटची रिंग पहिलीच्याच जागी, पण वेगळ्या व्हर्टेक्सांची हवी. नाहीतर शेवटच्या तुकड्यात सगळं टेक्स्चर उलटं धावतं.

कोपऱ्याला जादू नाही. अर्धी रुंदी चार मीटर आणि वळणाची त्रिज्या तीन असेल तर आतली कड केंद्र ओलांडून मागे जाणारच. त्रिज्या वाढवा. टोकदार कोपराच हवा असेल तर मायटर करा, म्हणजे कोनदुभाजकावर रुंदी 1/cos(θ/2) पट, θ म्हणजे रस्ता जितका वळतो तो कोन. ९० अंशांच्या वळणाला ही १.४१ पट होते, १५० ला जवळजवळ ३.९. तिथे स्प्लाइन तोडून जंक्शनचा वेगळा मेश लावा.

हे सगळं रस्त्याचं. पाइप उभा गेला की worldUp आणि टॅन्जेंट एका रेषेत येतात आणि cross शून्य होतो. पाइपाला मागच्या रिंगची फ्रेम पुढे नेत जा: आधीच्या टॅन्जेंटवरून नव्यावर जेवढं फिरावं लागतं, तेवढंच फिरवा. बंद पाइपात शेवटी थोडा कोन उरतो, तो सगळ्या रिंगांत अंतराच्या प्रमाणात वाटून टाका. फ्रेने तिथेही नकोच.