बँकेत कमी आले म्हणजे चलनतोटाच, असं नाही

परदेशी ग्राहकाला डॉलरमध्ये केलेल्या इन्व्हॉइसची रुपयांतली रक्कम वजा बँकेत जमा रक्कम, एवढ्यावर चलनातला नफा-तोटा काढू नकोस. त्या फरकात बँकांचे चार्जेसही मिसळलेले असतात.

समज, 1,000 डॉलरचं इन्व्हॉइस केलंस, त्या दिवशीचा दर 83.20. वहीत उत्पन्न 83,200 रुपये. महिन्याभराने खात्यात आले 82,445. फरक 755 रुपयांचा, आणि तू तो चलनतोटा म्हणून लिहून मोकळा होणार.

आधी बँकेकडून रेमिटन्स ॲडव्हाइस, म्हणजे आलेल्या पैशांचा तपशील देणारा कागद, माग. त्यात दिसेल की मधल्या बँकेने 15 डॉलर कापले, उरलेले 985 डॉलर 84 च्या दराने बदलले आणि तुझ्या बँकेने जीएसटीसह 295 रुपये घेतले.

आता दराचा फरक पूर्ण 1,000 डॉलरवर धर: 80 पैशांप्रमाणे 800 रुपये नफा! चार्जेस: 15 डॉलरचे 84 ने 1,260 अधिक 295, म्हणजे 1,555. ते वेगळ्या खर्चखात्यात. 1,555 मधून 800 गेले की तेच 755 उरतात. हा ताळा जुळला नाही, तर एखादी कपात नजरेतून सुटली आहे.

इन्व्हॉइसच्या तारखेचा दर मात्र कायम एकाच ठिकाणचा घे. मी एफबीआयएल, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, जाहीर करते तो संदर्भदर घेतो.