स्लाइड कमी झाल्या, काम तेवढंच. पैसे कशाचे घ्यायचे?

*प्रश्न: साताऱ्यातून घरबसल्या स्लाइड डेक करते. एका स्टार्टअपने 20 स्लाइडचा दर घेतला, आता म्हणतात "मजकूर 12 मध्ये बसवा, पैसे 12 चेच." स्लाइडमागे दर लावणंच चुकतंय का?*

ताई, वाचून माझा तीन वर्षांपूर्वीचा बेदाणा आठवला. मी सांगलीची, आणि हे दुखणं अगदी ओळखीचं. दर स्लाइडमागे लावायला हरकत नाही. चूक होते ती स्लाइड म्हणजे काय हे न ठरवता दर सांगण्यात. निदान माझी तरी तीच झाली.

तासगाव भागातला एक मुलगा, शीतगृहातल्या बेदाण्यासाठी तापमान आणि ओल मोजणारं यंत्र करणारा. 22 स्लाइडची कच्ची फाइल त्याने पाठवली. मी 600 रुपये स्लाइड सांगून मोकळी झाले, म्हणजे 13,200. काम निम्म्यावर आलं आणि ज्या कार्यालयात त्याला सादरीकरण करायचं होतं तिथून निरोप आला: फक्त 10 स्लाइड, आमच्याच साच्यात, आणि साचा 4:3. माझं सगळं 16:9 मध्ये. ही अट त्यांच्या अर्जात पहिल्या दिवसापासून असणार, पण सांगितली शुक्रवारी संध्याकाळी, सादरीकरण सोमवारी. फोन केला तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत." शनिवारी फोन उचललाच नाही. असो.

मग 22 स्लाइडचा ऐवज 10 मध्ये कोंबला. रुंद चार्ट अरुंद चौकटीत घातले की खालची अक्षरं एकमेकांवर चढतात, त्यामुळे प्रत्येक चार्ट नव्याने काढला. हातात आले 6,000. मुलगा काही लबाड नव्हता. त्याच्या हिशेबाने 10 स्लाइड म्हणजे 10 गुणिले 600.

आता मी स्लाइड नाही, दावे मोजते. दावा म्हणजे एक पूर्ण वाक्य, आणि एका वाक्याला एक स्लाइड. पहिल्या बैठकीत पॉवरपॉइंट उघडतच नाही. वर्डच्या एका पानावर प्रत्येक स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिहायला लावते. त्या मुलाच्या फाइलमध्ये पहिल्या आठ स्लाइड कंपनी, ध्येय, टीम, सेन्सरची रचना अशा होत्या आणि अडचण थेट नवव्या स्लाइडवर. वाक्यांत मांडल्यावर क्रम असा झाला: बेदाणा काळपट पडला की दर पडतो. कोणत्या खोलीत बिघाड झाला हे शीतगृहमालकाला उशिरा कळतं. आमचं यंत्र त्याच तासाला फोनवर कळवतं. पहिल्या वर्षीच्या 12 शीतगृहांपैकी 9 जणांनी दुसऱ्या वर्षीही पैसे भरले. सेन्सरची रचना गेली शेवटी, जोडपत्रात. हे मला सुचलं काम संपल्यावर, म्हणून दुखतं.

वाक्यात "आणि" आला आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र आकडा किंवा पुरावा असेल, तर ते दोन दावे. एकाच स्लाइडवर बसवा म्हणाले तरी बिल दोनचं, कारण कष्ट दोनचेच असतात. हे दरपत्रकात आधीच लिहिलेलं असतं.

तेच काम आज आलं तर 13 वाक्यं निघतील. कथेच्या, म्हणजे ही वाक्यं आणि त्यांचा क्रम ठरवण्याच्या, दोन बैठकींचे 6,000 वेगळे, वाक्यांच्या पानाला मेलवर होकार आला की लगेच. पुढे साध्या 7 स्लाइड 400 ने, म्हणजे 2,800, आणि चार्ट किंवा आकृतीच्या 6 स्लाइड 900 ने, म्हणजे 5,400. एकूण 14,200. होकारानंतर वाक्य बदललं तर ती स्लाइड नवी धरायची. रंग-अक्षरं दोनदा फुकट. हे दर माझे, सांगलीचे. पुण्यात कोण किती घेतं ते विचारू नका.

कन्सल्टंटचं काम निराळं. त्यांची डेक कोणी उभं राहून बोलत नाही, मेलवर वाचली जाते. कथा त्यांची तयार असते, स्लाइड भरगच्च लागते. तिथे बैठकींचे पैसे मागितले तर हसतात. तिथे सरळ स्लाइडमागेच दर, फक्त चढा.

कथा जमली का हे बघायला `View` मध्ये `Outline View` उघडा आणि नुसती शीर्षकं वाचा. शीर्षक दिसलंच नाही तर कोणीतरी ते लेआउटमधल्या शीर्षकाच्या चौकटीत न लिहिता सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलंय. साचा बदलला की अशीच अक्षरं भलतीकडे जातात.

तुमच्या आत्ताच्या कामात लेखी काही नसेल तर 20 चे पैसे मिळतील असं मला वाटत नाही, खोटं कशाला सांगू. पण उरलेलं काम हातात असेपर्यंत 12 स्लाइडमध्ये किती दावे आहेत ते मोजून, यादी करून पाठवा. फोनवर बोलू नका, मेल करा. आणि पैसे येईपर्यंत पीडीएफच द्या, पीपीटी नको.